रुखवतात आबांचं पत्र ठेवायचं, पण त्यातली म्हण ठेवायची का?

कुंभार्लीघाट

मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, नातीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलंय. आबा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं कराड–चिपळूण गाडीवर. मला ते पत्र फ्रेम करून रुखवतात ठेवायचंय. बायको म्हणते, ठेवायचं तर ती म्हण गाळा, नाहीतर पत्र कपाटात राहू द्या. मुलीने अजून वाचलेलं नाही. महत्त्वाचा भाग खाली उतरवून देतो. तुम्ही काय केलं असतं?

> चि. सौ. कां. बाळीस,
> आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.
>
> तू म्हणशील, आबांना भाषण द्यायची हौस. तर हौसच समज.
>
> नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात पाटणच्या स्टँडवर सुट्ट्या पैशांवरून एक पाशिंजर मला भरल्या गाडीत नको ते बोलला. माझ्या आईवरून बोलला. मी तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे गेलो. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्या पणजोबांनी काठी घेऊन स्टँड गाठला असता आणि माझी नोकरी गेली असती. पंधरा दिवसांनी तोच माणूस आजारी पोराला घेऊन गाडीत चढला, तेव्हा मी त्याला जागा करून दिली. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना. ही म्हण मला माझ्या वडिलांनी दिली, मी तुला देतो.
>
> सासर म्हणजे तिघांच्या बाकावर चौथं माणूस येऊन टेकणं. आधीचे बसलेले कुरकुर करतात. आपण टेकायचं. गाडी घाटाला लागली की वळणावळणाने सगळे सरकतात आणि जागा होते. पण ध्यानात ठेव, खिडकीजवळचा सरकला नाही तर मधल्यांनी कितीही सरकून उपयोग नाही. हे मी तुझ्या नवऱ्याला वेगळं सांगणार आहे.
>
> तुझ्या आजीचं सांगतो. आमच्या लग्नात तिच्या वडिलांकडून मानपानात एक लुगडं कमी आलं. माझ्या आईने त्यावरून तिला कैक वर्षं ऐकवलं. मला ते कळलं आई गेल्यावर, लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर. तिने मनात ठेवलं म्हणून हे घर उभं राहिलं.
>
> शेवटचं. गाडीत दोरी कंडक्टरच्या हाती असते. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. ड्रायव्हर कितीही जुना असो, घंटीवाचून गाडी हलवत नाही. तुझ्या घरात त्या दोरीला तुझाही हात पोचू दे.

---

जुनं_पंचांग

जसंच्या तसं ठेवा. एक अक्षर बदलू नका. ब्याऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाच्या पत्राला कात्री लावायची म्हणजे त्याचा अपमान तुम्हीच जनात मांडणं झालं.

आणि म्हणीत चूक काय आहे? आमच्या सोसायटीत गेल्या पाच-सहा वर्षांत दोन लग्नं मोडताना पाहिली. दोन्हीकडे मोठं असं काही नव्हतं. एकीकडे सासू म्हणाली, 'तुमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत वाटतं?' मुलीने रात्री बाथरूममधून आईला फोन केला. आईने मावशीला, मावशीने मामाला. सकाळी मुलगी आणि सासू दोघी एकत्र कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि तिकडे माहेरी बैठक भरली होती. नवरा-बायकोचं भांडण अर्ध्या तासात मिटतं हो, पण आईच्या मनात ते वर्षभर राहतं. कारण समेट झाल्याचा फोन कुणी करत नाही. आबांच्या काळी पत्र पोचायला चार दिवस लागायचे, तेवढ्यात राग निवायचा. आता ते चार दिवस आपले आपण काढायचे, एवढंच ती म्हण सांगते.

---

संध्या_नाशिक

पंचांगदादा, समेटाचा फोन कुणी करत नाही हे अगदी खरं. मी समुपदेशन केंद्रात चौदा वर्षं काम करतेय, माहेरच्या फोनने चिघळलेली प्रकरणं माझ्यासमोरही येतात. तरीही मी ही म्हण त्या फ्रेममध्ये ठेवणार नाही. का, ते सांगते.

आमच्याकडे बाई येते ती बहुतेक वेळा पाच-सात वर्षं काढून. मी विचारते, केव्हापासून? उत्तर एकच असतं, 'पहिल्यापासूनच.' पहिलं काय घडलं ते विचारलं की हटकून मानपान निघतं. विहिणीला दिलेली साडी हलकी होती, जेवणात दोन गोड पदार्थ नव्हते, मामाला टोपी घातली नाही. म्हणजे आबांच्या पत्रातलं ते एक लुगडंच. बाई ते कुणालाच सांगत नाही, कारण सांगितलं तर आपल्याच वडिलांची लाज निघते. पहिलं गिळलं की दुसरं गिळणं सोपं जातं. सातव्या वर्षी सांगायला बसते तेव्हा तारीख आठवत नाही, त्या वेळी कोण हजर होतं ते आठवत नाही, नुसता हुंदका येतो. समोरचे म्हणतात, इतकं होतं तर आजवर बोलली का नाही? ती बोलली नाही कारण तिला कुणीतरी हीच म्हण दिलेली असते.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मारहाणीपुरता नाही. शाब्दिक आणि भावनिक छळ त्यात स्पष्ट लिहिलाय. अपमान करणं, हिणवणं, नावं ठेवणं, विशेषतः मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणं, हे सगळं त्यात आहे. कायदा ज्याला अपमान म्हणून ओळखतो तो मनातच ठेव, असं आपण फ्रेम करून सांगायचं?

आमटीतला गूळ मात्र त्यात येत नाही, हेही मान्य. फरक कसा ओळखायचा, असं मुली विचारतात. मी दोन गोष्टी बघायला सांगते. बोलणं तुझ्या कामावर आहे की तुझ्या आईबापांवर आणि तुझ्या असण्यावर? 'भाकरी जाड झाली' आणि 'तुझ्या आईने काय शिकवलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं, तू ते नवऱ्याला सांगितल्यावर पुढच्या वेळी कमी झालं की वाढलं? वाढलं असेल तर तो स्वभाव नाही, ती रीत झालीय. त्या दिवशी वहीत तारीख घालून दोन ओळी लिही. ती वही कुणाला दाखवावी लागली नाही तर उत्तमच.

---

साईश्रद्धा_फ्रेमिंग

सर, हस्तलिखित पत्र लॅमिनेट करू नका, कधीच करू नका. उष्णतेने शाई पसरते आणि कागद परत मोकळा होत नाही. मूळ पत्र घडी न घालता फाईलमध्ये ठेवा आणि रंगीत प्रत काढून तिला फ्रेम करा. काच आणि कागदामध्ये माउंटबोर्डची पट्टी घ्या, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. रुखवतात लाडू-चिवड्याच्या ताटांपासून लांब ठेवा. तेलाचा डाग पडला की जात नाही.

---

कुंभार्लीघाट

@साईश्रद्धा, विचारलं होतं वेगळंच, पण बरं झालं सांगितलंत. लॅमिनेशनलाच देणार होतो.

---

अंधेरी_स्लो

मी नवरा म्हणून बोलतो. या म्हणीत जन आहे, मन आहे. नवरा कुठे आहे? आबांना स्वतःच्या घरातली गोष्ट बत्तीस वर्षांनी कळली. ते ती कौतुकाने लिहितायत. मला वाचून पोटात गोळा आला.

माझ्या बायकोने मला चार वर्षं काही सांगितलं नाही. माझे वडील तिच्या नोकरीवरून बोलायचे. मी घरी नसताना बोलायचे, मी आलो की चहा घेऊन पेपर वाचत बसायचे. घर कसं शांत! मी मित्रांना सांगायचो, आमच्याकडे सासू-सुनेची, सासऱ्या-सुनेची कटकट नाही. तिच्या बहिणीच्या फोनवर चुकून एक मेसेज वाचला तेव्हा कळलं. सांगायचं नव्हतं का, विचारलं तर म्हणाली, 'तुला सांगणं म्हणजे तुझ्या वडिलांची तक्रार करणं, आणि मला घरात तशी मुलगी व्हायचं नव्हतं.'

मग मी वडिलांशी बोललो. भांडलो नाही. एवढंच म्हणालो की तिच्या नोकरीविषयी काही बोलायचं असेल तर मी घरात असताना बोला. ते त्यानंतर जवळजवळ बोललेच नाहीत. चार वर्षांचं ओझं दहा मिनिटांत निम्मं झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, ती अजून त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडत नाही.

आबांचं खिडकीजवळच्याचं वाक्य सोन्याचं आहे. पण खिडकीजवळच्याला कुणी 'सरका' म्हणालंच नाही तर त्याला वाटतं जागा भरपूर आहे.

---

ओवीवेडी

म्हणीवर जरा अन्याय होतोय असं मला वाटतं. ही म्हण सुनांसाठी जन्मली नाही. तिचा रोख 'जन' या शब्दावर आहे. आपला झालेला अपमान लोकांना सांगितला तर लोक हळहळत नाहीत, मजा घेतात, आणि एकदा झालेला अपमान दहा तोंडांनी दहा वेळा होतो. ही व्यवहाराची गोष्ट आहे, पंचायतीत आणि बाजारात वावरणाऱ्या माणसाची. आबांनी ती स्टँडवर वापरली तेव्हा ती चपखल बसली. पाशिंजर उतरून जातो. सासू उतरून जात नाही. म्हण तीच राहिली, पण गाडीतून घरात आली आणि बिघडली.

बायकांनी मात्र ही म्हण कधीच पाळली नाही. त्यांनी अपमान मनाला सांगितला नाही, जात्याला सांगितला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्यात सासुरवास किती आहे, ते वाचा. सासूचं बोलणं, नणंदेचा तोरा, भाऊ न्यायला आला नाही त्याचं दुःख, सगळं मोठ्याने गायलेलं. पहाटे जातं फिरतंय, शेजारच्या ओट्यावर ऐकू जातंय, सासूलाही ऐकू जातंय. पण गाणं आहे म्हणून कुणी जाब विचारू शकत नाही. भोंडल्याच्या गाण्यातही तेच, सासरच्यांची यथेच्छ टिंगल, तीही हत्तीभोवती फेर धरून. आपल्याकडे म्हणच आहे ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. मी पत्रात ती घातली असती.

---

संध्या_नाशिक

ओवीताई, तुमचं वाचून छान वाटलं, पण जात्याने काय केलं? बाईचं मन हलकं झालं आणि सासुरवास पुढच्या पिढीला तसाच पोचला. एक लाख ओव्या म्हणजे एक लाख वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असाही अर्थ निघतो.

---

ओवीवेडी

निघतो. पण जात्यासमोर सहसा दोघी बसतात, हे विसरू नका. एक गाते, दुसरी ओढते. ऐकणारी होती. तुमच्या केंद्रात जी बाई सातव्या वर्षी येते तिच्यासमोर कुणी बसलेलंच नसतं. जातं गेलं, त्याबरोबर ती समोरचीही गेली.

---

बदलापूरची_विहीण

मी दोन सुनांची सासू आहे. इथे सगळे असं गृहीत धरून बोलताय की अपमान फक्त सुनेचा होतो. माझी धाकटी सून माझ्या हातचं नातवाला खाऊ देत नाही. माझ्यासमोर ताटलीतलं काढून घेते आणि 'आई, हायजीन' म्हणते. मी कुणाला सांगू? मुलाला सांगितलं तर मी खाष्ट सासू. बहिणीला सांगितलं तर गावभर. मी मनालाच सांगते. वर्ष झालं.

तेव्हा पत्र ठेवाच, आणि दोन प्रती काढा. एक मुलाच्या आईला द्या.

---

अंधेरी_स्लो

काकू, मुलाला सांगाच. बायकोची तक्रार म्हणून नको, 'मला वाईट वाटलं' एवढंच सांगा. आम्ही खरंच बघत नसतो हो.

---

बदलापूरची_विहीण

बघत नसता की बघायचं नसतं?

---

जुनं_पंचांग

विषय भरकटतोय. प्रश्न एका म्हाताऱ्या माणसाच्या पत्राचा आहे. त्या पत्राला कायदा, वही आणि तारखा लावल्या तर मुलगी उद्या सासरी साक्षीदार म्हणून जाईल, सून म्हणून नाही. पहिल्या दिवसापासून वही घेऊन बसलेल्या माणसाला माणसं नीट दिसत नाहीत. भाकरी जाड झाली म्हणणारी सासू दुपारी स्वतःच्या हाताने डोक्याला तेल लावून देते, त्याची नोंद वहीत कोण करतं?

---

संध्या_नाशिक

बरोबर आहे, ती नोंद वहीत येत नाही. म्हणूनच मी पहिल्या दिवसापासून म्हटलं नव्हतं, रीत झाली असं दिसल्यावर म्हटलं होतं.

पहिल्या दिवसाची वही म्हणाल तर कायद्यात एक वेगळीच आहे, ती रुखवताशी थेट संबंधित. लग्नात वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करायची, वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, हे लिहायचं, वधू-वर दोघांनी सह्या करायच्या आणि ती यादी वधूकडे राहते. हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५ चे नियम हे सांगतात. चाळीस वर्षं झाली, मी अशी यादी लग्नात झालेली दोनदाच पाहिली. कुंभार्लीदादा, पत्राचं काहीही ठरवा, यादी तेवढी करा. मोडलेल्या संसारात सगळ्यात जास्त वेळ पाटल्या कुणी दिल्या यावर जातो.

आणि एक विचारू का? आजी आहेत ना? बत्तीस वर्षं मनात ठेवल्याचं आबा सांगतायत. त्यांना कुणी विचारलं का?

---

कुंभार्लीघाट

नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही. संध्याकाळी विचारतो.

---

कुंभार्लीघाट

विचारलं. आबा मारुतीच्या देवळात गेले होते तेव्हा बायकोने आईला पत्र वाचून दाखवलं. आई शेंगा फोडत होती. लुगड्याच्या भागापाशी आली तेव्हा हात थांबला. जे बोलली ते शक्य तितकं तसंच लिहितो.

'मनाला काय सांगायचं? मन काय आपलं ऐकतंय व्हय? मी थोरल्या जाऊबाईंना सांगायची. रोज पाणवठ्यावर. त्यास्नी पण तेच ऐकायला लागलं हुतं, त्यांच्या टायमाला चांदीचा करदोडा कमी आलता. आमी दोघी घागर बुडेपर्यंत रडून घ्यायचो न् मग हसत यायचो. ह्यांना सांगितलं नाही, कारण ह्यांची ड्युटी. रात्रीचा मुक्काम चिपळूणला. दोन दिसांनी घरी यायचा माणूस, त्याला काय लुगडं सांगायचं?'

मग म्हणाली, 'घर माझ्या गप्प बसण्यानं नाही उभारलं. जाऊबाईंनी उभारलं. ते लिव्हा म्हणावं.'

थोरल्या काकू जाऊन अकरा वर्षं झाली. आईने त्यांच्याविषयी इतकं कधी बोललेलं मला आठवत नाही. बायको तर आत जाऊन बसली.

---

ओवीवेडी

हीच ती जात्यासमोरची दुसरी.

---

जुनं_पंचांग

आईंनी माझ्या बाजूनेच सांगितलं असं मी म्हणेन. माहेरी नाही सांगितलं, घरातल्याच विश्वासू माणसाला सांगितलं. म्हणजे जनाला नाहीच.

---

संध्या_नाशिक

आणि मनालाही नाही, दादा. पण आता मला प्रश्न पडलाय तो वेगळा. ही मुलगी जाईल त्या घरात जाऊ आहे का? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि सासू-सासरे. पाणवठा कुठून आणायचा? माहेरी फोन करू नको म्हणायचं असेल तर मग कुणाला करायचा, ते पत्रात यायला हवं. एकाच माणसाचं नाव हवं, जे ऐकेल आणि पुढे नेणार नाही. मला विचाराल तर आईपेक्षा मावशी किंवा आत्या बरी. आईला झोप लागत नाही.

---

साईश्रद्धा_फ्रेमिंग

सर, पत्रात भर घालणार असाल तर आधी सांगा. बारा बाय अठराची फ्रेम धरली होती, दुसरं पान आलं तर दोन खिडक्यांचं माउंट कापावं लागेल.

---

अंधेरी_स्लो

आबांना सांगितलंत का आई काय म्हणाल्या ते?

---

कुंभार्लीघाट

सांगितलं. मी नाही, आईनेच सांगितलं, जेवताना. आबा आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चिपळूणचा मुक्काम मी मागून घेतला नव्हता.' आई म्हणाली, 'मी कुठं तसं म्हटलं?' मग दोघंही गप्प. मला वाटलं, पत्राच्या नादात भलतंच उकरलं आपण.

सकाळी आबांनी पत्र परत मागितलं. म्हण खोडली नाही. 'पत्र माझं आहे, तुमचं टिपण नव्हे' म्हणाले. लुगड्याचा परिच्छेद मात्र पूर्ण काटला, रेघ मारून, खालचं वाचता येईल असा. त्याच्या शेजारी समासात लिहिलंय: 'हे मला नीट माहीत नव्हतं. आजीला विचार.' आणि शेवटी ता. क. घालून माझ्या बहिणीचा, म्हणजे मुलीच्या आत्याचा फोन नंबर. तो नंबर मुलीकडे दहा वर्षांपासून आहे, पण आबांनी आकडा-आकडा सुटा करून लिहिलाय.

बायकोला आता फ्रेम नकोच आहे. काटलेलं पत्र चारचौघांत कसं मांडायचं, म्हणते. शिवाय नंबर आहे त्यात. मला अजूनही रुखवतात ठेवावंसं वाटतं. यादीचं मात्र ठरलं. व्याह्यांना फोन केला, ते आधी जरा बिचकले, मग म्हणाले करूया.

---

बदलापूरची_विहीण

काटलेलंच ठेवा हो. आणि मुलाच्या आईच्या प्रतीवर आत्याचा नंबर नको, माझ्यासारखीला कुणाचा तरी घाला.